कोठीतला भुंगा

आपल्या वसतिगृहात मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री हरभऱ्याची उसळ असे. जून-जुलैत ती खाताना कोणाला काही वाटत नसे; पण पोळा होऊन गेला की ताटात उसळ पडताच प्रत्येकाचे बोट वाटीच्या काठाशी फिरू लागे. रश्शावर तरंगणारे बारीक तपकिरी भुंगे वेचून ताटाच्या कडेला लावायचे, भोक पडलेला दाणा दाताखाली पोकळ लागला तर तोही बाजूला सारायचा आणि मग जेवायचे, हा आमचा शिरस्ता होता. कोठीवाले मामा हरभरा तीन-तीन पाण्याने धूत, सुपात पाखडत, परातीत पसरून उन्हात ठेवत. त्यांच्या कष्टात कसूर नव्हती. तरीही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पोत्यातला निम्मा हरभरा भुग्याचा होऊन जाई.

स्मरणिकेसाठी परदेशातील शिक्षणाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा विमानप्रवास, बर्फ आणि पदवीदान यांविषयी लिहिण्यापेक्षा या भुंग्याविषयीच लिहावे असे वाटले. कारण मी अमेरिकेत जाऊन जे शिकलो ते मुख्यतः या एका किड्याविषयीच होते, आणि परत आल्यावर पहिल्या खेपेस ज्या ठिकाणी माझी फजिती झाली ते ठिकाणही आपल्याच शाळेची कोठी होते.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर २००९ साली मी इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी गेलो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर माझी फी आणि निर्वाह भागत होता. पर्ड्यूच कशासाठी, असे मला पुष्कळांनी विचारले. तेथे प्रा. लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅमेरून देशातील शेतकऱ्यांबरोबर चवळी साठवण्याच्या पद्धतींवर काम करीत होते. चवळीचा भुंगा आणि आपल्या हरभऱ्या-मुगा-तुरीचा भुंगा हे एकाच वंशातले. कॅलोसोब्रुकस हे त्या वंशाचे शास्त्रीय नाव. वसतिगृहाच्या ताटातून ज्याला बोटाने बाजूला काढले, त्याच्यावर कोणी आयुष्य वेचत आहे, हे वाचून मला विलक्षण नवल वाटले होते.

या किड्याची गंमत अशी की, आपल्याला जो उडताना दिसतो तो भुंगा धान्य खातच नाही. तो जेमतेम आठ-दहा दिवस जगतो. मादी या काळात सुमारे ऐंशी अंडी घालते आणि प्रत्येक अंडे दाण्याच्या सालीला डिंकाने चिकटवल्यासारखे चिकटवते. हरभऱ्यावर मोहरीहूनही बारीक पांढरा ठिपका दिसला, तर ते अंडे समजावे. पाच-सहा दिवसांनी अंड्यातली अळी थेट खाली, दाण्याच्या पोटात शिरते. पुढचे सगळे खाणे आत, आपल्या डोळ्यांआड चालते. बाहेर पडण्याआधी ती सालीपर्यंत पोखरते आणि तिथे नखाएवढीही नसलेली एक गोल, काळसर खिडकी दिसू लागते. ही खिडकी ढकलून भुंगा बाहेर येतो आणि मागे ते ओळखीचे भोक राहते. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा फेरा उबदार हवेत साधारण चार आठवड्यांचा असतो. ही चार आठवड्यांची गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारे अडले आणि तिच्यामुळेच सुटले.

हिशेब कागदावर मांडला तर छाती दडपते. ऐंशी अंड्यांपैकी निम्मीच जगली आणि त्यांतल्या निम्म्या माद्या निघाल्या असे धरले, तरी एका मादीच्या वीस होतात, महिन्याने चारशे, तिसऱ्या महिन्यात आठ हजार. शिवाय कीड पोत्यात येते ती बहुधा शेतातूनच. उभ्या पिकाच्या पक्व शेंगांवरही माद्या अंडी घालून जातात. म्हणजे मोंढ्यातून आणलेला हरभरा डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसला, तरी त्याच्या पोटात काही अळ्या आधीच बसलेल्या असू शकतात. मामांचे पाखडणे, धुणे वाया जात होते ते त्यामुळे. त्यांच्या सुपात मेलेले भुंगे येत; जिवंत कीड दाण्याच्या आत असे.

पर्ड्यूच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा अळीचे खाणे ऐकले. ऐकले हा शब्द तसा बरोबर नाही, कारण तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येण्यापलीकडचा असतो. दाणा एका संवेदकावर ठेवला की अळीचा प्रत्येक चावा विजेच्या लहानशा स्पंदनासारखा नोंदला जातो आणि यंत्रावर आकडा पुढे सरकतो. रात्री उशिरापर्यंत तो आकडा सरकताना पाहत बसण्याचा मला नाद लागला होता. दाणा बंद कुपीत ठेवून आतला प्राणवायू कमी केला की आकडा मंदावतो, पुढे थांबतो. लगेच झाकण उघडले तर अळी काही वेळाने पुन्हा खाऊ लागते. पण कुपी बराच काळ बंद राहिली, तर अळी मरते.

ती का मरते, याचे उत्तर मला त्या दोन वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. गुदमरून मरत असेल, असे कोणीही म्हणेल. मीही तेच म्हणालो होतो. वाळलेल्या कडधान्यात शंभरात दहा-बारा भागच पाणी असते आणि अळीला प्यायला दुसरे पाणी कुठेच नसते. ती आपले पाणी शरीरात तयार करते: खाल्लेल्या पिठूळ अन्नातील हायड्रोजनचा श्वासातील प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. प्राणवायूच मिळेनासा झाला की हे पाणी आटते, अळी खाणे थांबवते आणि हळूहळू सुकून जाते. म्हणजे धान्याच्या ढिगात ती एका अर्थी तहानेने मरते. मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संशोधन २०१२ साली, मी परत आल्यानंतर, प्रसिद्ध झाले.

या ज्ञानावर आधारलेली वस्तू अगदी साधी आहे. बाहेरून विणलेले प्लास्टिकचे नेहमीचे पोते आणि त्याच्या आत एकात एक घातलेल्या दोन जाड पॉलिथिनच्या पिशव्या, प्रत्येकी ऐंशी मायक्रॉनची. धान्य भरून, वरची हवा दाबून काढून, तिन्हींची तोंडे वेगवेगळी पिळून बांधायची. आतल्या किडी आणि धान्य स्वतःच श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवतात. औषध नाही, धूर नाही.

पर्ड्यूने २००७ सालापासून पश्चिम व मध्य आफ्रिकेतील दहा देशांत या पोत्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. त्यासाठी गेट्स प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य होते. माझ्या शिष्यवृत्तीत क्षेत्रकार्याचा खर्च बसत नव्हता, तो या प्रकल्पातून झाला आणि २०११च्या आरंभी मी नायजर देशाच्या दक्षिणेस मराडी परिसरात काही आठवडे राहिलो. वाळू, बाभळीसारखी काटेरी झाडे, बाजरी आणि तिच्यात आंतरपीक म्हणून चवळी. अहिल्यानगर-बीडच्या सीमेवरचा दुष्काळी भाग ज्याने पाहिला आहे, त्याला तो देश परका वाटत नाही. हौसा भाषेत चवळीला ‘वाके’ म्हणतात. तिथल्या बायका ती भिजवून, वाटून तेलात सोडतात आणि त्या वड्यांना ‘कोसाई’ म्हणतात. पहिल्या दिवशी तो वडा खाल्ला तेव्हा मला आपल्या नाक्यावरची गाडी आठवली.

त्या गावांतले काम असे होते. सुगीनंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, मोजक्या शेतकऱ्यांची चवळी गावासमक्ष या पोत्यांत बांधून ठेवलेली असे. माझ्याकडे ती मधूनमधून मोजण्याचे आणि अखेर उघडण्याचे काम आले. पोत्यात सुई खुपसून आतला प्राणवायू मोजायचा आणि सुई काढताच त्या जागी चिकटपट्टी लावायची. उघडल्यावर वरून, मधून आणि तळातून नमुना घ्यायचा, दाणे मोजायचे, शंभरात भोके पडलेले किती ते पाहायचे आणि शंभर दाण्यांचे वजन करायचे. वजन एवढ्यासाठी की, भोक न पडलेला दाणाही आतून खाल्लेला असू शकतो. उघडण्याच्या दिवशी सारे गाव जमे. शेजारी साध्या पोत्यात ठेवलेली चवळी ओतली की तिच्यातून पीठ आणि भुंगे पडत. मग बांधलेले पोते उघडले जाई आणि एखादी वयस्क बाई कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे वर काढी. त्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नसे. त्याच चवळीचे कोसाई तळून सर्वांना वाटले जात.

प्रकल्पाची एक गोष्ट मला आरंभी खटकली होती. पोती फुकट वाटली जात नसत. प्रात्यक्षिकापुरती काही दिली जात. बाकीच्यांनी बाजारातून दोन-तीन डॉलरला विकत घ्यायची. इतक्या गरीब माणसांकडून पैसे कशाला, असे मी विचारले. उत्तर मला मराडीच्या बाजारातच मिळाले. फुकटची पोती आली की दुकानदार ती ठेवीत नाही, आणि प्रकल्पाचे पैसे संपले की दोन्हीही संपतात. आपल्या तालुक्यातल्या गोदामांत अनुदानातून आलेली आणि सुट्या भागाअभावी गंजलेली किती यंत्रे पडून आहेत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

२०११च्या अखेरीस परतलो. आजीला हे सर्व सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आम्ही राख लावायचो की रं. तरी बी भुंगा लागायचाच.” मला हसू आले नाही, कारण कॅमेरूनमध्येही राखेवर प्रयोग झालेले मी वाचले होते. राख खरोखरच काम करते. पण ती चाळून, जवळजवळ धान्याइतकीच घ्यावी लागते, म्हणजे दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि भुंग्याला हिंडता-फिरता येत नाही. आजी पायलीला एक मूठ लावीत असे. एरंडेलाचे बोट लावण्याची तिची दुसरी रीत मात्र अचूक होती: तेलाच्या थराने अंड्याला हवाच मिळत नाही. म्हणजे ज्या तत्त्वासाठी मी सातासमुद्रापार गेलो ते आमच्या उतरंडीतल्या गाडग्यात होते. फक्त गाडगे दोन पायल्यांचे होते. आमच्या घरी धान्य येई ते मजुरीचे आणि सरव्याचे; त्याहून मोठे गाडगे लागण्याची वेळ कधी आली नव्हती.

आता शाळेकडे येतो. २०१२च्या मार्चमध्ये मी अधीक्षक सरांना भेटायला गेलो, तेव्हा कोठीत मामा पोत्यांच्या मध्ये एक बंद डबी ठेवण्याच्या तयारीत होते. दुकानदाराने दिलेल्या गोळ्या होत्या. डबीवर अॅल्युमिनियम फॉस्फाईड असे वाचताच मी ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. तो किडी मारतो, तसाच माणसालाही मारतो, आणि भिंतीच्या फटींतून, दाराखालून पसरतो. कोठीच्या भिंतीपलीकडे पाचवीच्या मुलांच्या खाटा होत्या. कायद्याने या गोळ्या प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच वापरता येतात. राहत्या घरात आणि वसतिगृहात त्यांना मुळीच स्थान नाही. मामांचा दोष नव्हता. त्यांना मुलांच्या ताटात भुंगा नको होता आणि दुकानदाराने उपाय म्हणून जे दिले ते त्यांनी आणले होते. आजही अनेक घरांत धान्याच्या टाकीत चिंधीत बांधून ही गोळी टाकली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी ती हाताळू नये, पाण्यात तर टाकूच नये, आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारून तिची विल्हेवाट लावावी.

गोळ्या गेल्या, आता भुंग्याचे काय, हा प्रश्न माझ्यावर आला. मी मोठ्या उत्साहाने शहरातून ऐंशी मायक्रॉनच्या पिशव्या करून आणल्या. नायजरमध्ये पोते शंभर किलोचे असे, म्हणून येथेही शंभर किलोचे. सात क्विंटल हरभरा, सात पोती. मुलांसमोर भरली, पिशव्या आधी हवा भरून, दाबून, कुठे फुसफुसते का ते कान लावून पाहिले, वीतभर-दीड वीत मान सोडून हवा काढली, पीळ दिला, दुमडून सुतळीने आवळले. पोती भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर ठेवली, म्हणजे उंदरांवर नजर राहील. सभागृहात माझे तासभर भाषणही झाले.

जूनमध्ये पहिले पोते उघडले, दाणा जसाच्या तसा होता. जुलैच्या अखेरीस अधीक्षक सरांचा दूरध्वनी आला: उसळीत भुंगे आहेत. मी आलो, पोते पाहिले, आणि सांगायला लाज वाटते, मामांवर रागावलो. तोंड नीट बांधले नसेल, असे म्हणालो. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कोठीची वही आणून माझ्यापुढे ठेवली. कोणत्या तारखेला पोते उघडले, किती किलो काढले, सारे टिपलेले होते. ते पोते आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे उघडले जात होते.

वही वाचताना माझी चूक मला दिसू लागली. दोनशे दहा मुले, माणशी चाळीस ग्रॅम हरभरा, म्हणजे एका वेळेस साडेआठ किलो, आठवड्याला सतरा. शंभर किलोचे पोते सहा आठवडे पुरते. दर वेळी तोंड सोडले की आत ताजी हवा जाते, आणि कोठीत शेजारीच दानात आलेल्या मुगाचे साधे पोते होते, त्यात भुंगे होते. त्यांतली एखादी मादी पहिल्याच आठवड्यात आत गेली असेल, तर पाचव्या आठवड्यात तिची पिले बाहेर पडणार. नायजरच्या शेतकऱ्याने ते पोते विकण्यासाठी भरलेले असे. तो ते एकदाच उघडी. स्वयंपाकघराचे पोते रोज लागणाऱ्या डब्यासारखे असते, हे मला सुचलेच नव्हते.

पन्नास किलोचे पोते केले तर ते तीन आठवड्यांत संपते. भुंग्याचा फेरा चार आठवड्यांचा. उघडल्या दिवशी जरी अंडे पडले, तरी त्यातला भुंगा बाहेर येण्याआधी दाणा शिजून गेलेला असतो. एवढीच ती युक्ती होती आणि ती पर्ड्यूच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती, मामांच्या वहीत होती. पुढच्या वर्षी आम्ही चौदा पोती बांधली, प्रत्येकावर क्रमांक घातला, उघडल्याची तारीख खडूने लिहिली आणि एक संपल्याखेरीज दुसरे सोडायचे नाही असे ठरवले. तेव्हापासून एप्रिलपर्यंत शेवटचे पोतेही स्वच्छ निघते. घरी ज्यांना हे करायचे असेल त्यांनी आपल्या कुटुंबाला तीन आठवड्यांत किती कडधान्य लागते ते आधी मोजावे आणि पिशवी तेवढीच करावी. चार माणसांच्या घराला दोन-तीन किलोची पिशवी पुष्कळ झाली.

एक वर्ष मात्र दुसऱ्या कारणाने फसले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात काढलेला मूग एका पालकांनी दिला आणि तो तसाच बांधला गेला. तीन महिन्यांनी पोते सोडले तेव्हा भुंगा एकही नव्हता, पण आंबूस वास आला आणि दाणे एकमेकांना चिकटून हिरवट झाले होते. ते गुरांनाही घालता आले नाही, खड्ड्यात पुरले. हवाबंद पोते ओल बाहेर जाऊ देत नाही. ओले धान्य त्यात कुजतेच. त्यासाठी यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य घ्यावे, दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ टाकावे, मिनिटभर हलवून पाव तास ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल शंभरात पंधरा भागांहून अधिक, बांधायचे नाही. न चिकटले तरी कडधान्य आणखी दोन उन्हे दाखवावे, कारण ही परीक्षा ढोबळ आहे. दाताखाली दाणा दबला तर ओला. कट्‌कन फुटला म्हणजे झाला.

गावाकडच्या आमच्या शेतकरी बांधवांना मी या पोत्यांविषयी सांगू लागलो, तेव्हा निराळाच अनुभव आला. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि तेव्हाच भाव पडलेला असतो. चार महिने ठेवला तर बरा भाव मिळू शकतो. भुंगा हा ठेवण्यातला एक अडथळा आहे, हे खरे. पण मी ज्या दारात गेलो तिथे खताच्या दुकानाची उधारी, पतपेढीचा हप्ता आणि मुलीचे लग्न मार्चमध्येच उभे होते. “पोतं चांगलं हाय, पर त्यात भरायला माल तर ऱ्हायला पाहिजे,” असे एकाने मला ऐकविले. ज्याला थांबता येते त्याच्याच कामाचे हे पोते आहे, हे मला मान्य करावे लागले. बियाणे ठेवणाऱ्या आणि घरच्या खाण्यापुरते साठवणाऱ्या बायाबापड्यांनी मात्र ते उचलले. मजुरीत मिळालेली पंधरा-वीस किलो तूर श्रावणापर्यंत टिकली, म्हणजे ऐन महागाईत दुकानात जावे लागत नाही. कोरडे बियाणे अशा पिशवीत चांगले उगवते, हे त्यांनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवून स्वतःच ताडून पाहिले.

बुद्धपौर्णिमेला शाळेत धान्यदान होते. हे धान्य पन्नास घरांतून येते, कोणाचे ताजे, कोणाचे मागील सालचे. कोठीत कीड शिरण्याचा तो मोठा रस्ता असतो. म्हणून आता ते थेट कोठीत जात नाही. गच्चीवर पेंढा, त्यावर काळे प्लास्टिक, त्यावर दोन बोटे जाडीचा दाण्यांचा थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दगडांनी दाबतात. ही रीतही कॅमेरूनच्या कामातून आलेली आहे: दाण्यांत सत्तावन्न अंश तापमान तासभर टिकले की अंडी, अळ्या, भुंगे सगळे मरतात. वैशाखातल्या दुपारी आपल्या गच्चीवर ते सहज गाठले जाते. तापमापक दाण्यांच्या थरात खुपसून मुले दर दहा मिनिटांनी आकडा लिहितात. मग धान्य सावलीत निवू द्यायचे आणि त्याच संध्याकाळी बांधायचे. गरम असताना बांधले तर पिशवीच्या आतून घाम धरतो.

मामा मागील वर्षी निवृत्त झाले. वही नव्या कोठीप्रमुख ताईंकडे आहे. यंदा दान देणाऱ्यांना त्यांची एक विनंती आहे, ती येथे नोंदवतो: कडधान्य अख्खे असल्यास पोत्यात एका चिठ्ठीवर गावाचे नाव आणि मळणीचा महिना लिहावा, पावसात भिजलेला माल असेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि शक्य झाल्यास दान दुपारी बारापूर्वी पोहोचवावे, म्हणजे त्याच दिवशीचे ऊन मिळते.